सात आधी येतो, पंचवीस नंतर: अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं टायट्रेशन

प्रश्न: मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला 25 मिली 0.1 मोलर अमोनियाचं 0.1 मोलर एचसीएलबरोबर टायट्रेशन केलं. पीएच मीटरवर 7 दिसल्यावर थांबलो, ब्युरेट रीडिंग आलं 24.85. सर म्हणाले 25.0 यायला हवं, तू आधीच थांबलास. फिनॉल्फ्थॅलिन घालून पुन्हा केलं तर गुलाबी रंग नेमका कधी गेला तेच कळेना. आम्ल आणि आम्लारी बरोबर सारखे झाले की द्रावण उदासीन व्हायला हवं ना? मग पीएच 7 च्या खाली का जातो?

उत्तर:

तुमचं रीडिंग चुकलेलं नाही. 24.85 ला पीएच जवळजवळ 7 च असतो, आकडेमोड केली तर 7.03 येतो. म्हणजे मीटर ठीक होता, हातही ठीक होता. तुम्ही फक्त ज्या बिंदूवर थांबलात तो तुम्हाला हवा असलेला बिंदू नव्हता.

समतुल्यता बिंदू हा मोजदादीचा बिंदू आहे. शंकुपात्रात 25 मिली गुणिले 0.1, म्हणजे 2.5 मिलिमोल अमोनिया आहे. ब्युरेटमधून बरोबर 2.5 मिलिमोल आम्ल पडलं की हिशेब पुरा झाला. त्या क्षणी पीएच किती असावा याबद्दल व्याख्या अवाक्षर काढत नाही. पीएच 7 ही वेगळीच अट आहे. द्रावणात H⁺ आणि OH⁻ सारखे असणं, एवढाच तिचा अर्थ, आणि तोही 25 अंश सेल्सिअसला (30 अंशाला उदासीन पाण्याचा पीएच साधारण 6.92 असतो). सोडियम हायड्रॉक्साइड आणि एचसीएल घेतलं तर हे दोन बिंदू एकाच जागी येतात. शाळेपासून आपण तेच टायट्रेशन करत आलेलो असल्यामुळे दोन्ही एकच आहेत असं डोक्यात बसून जातं. अमोनिया घेतला की ते वेगळे होतात, आणि तुमच्या 24.85 आणि 25.0 मधलं अंतर म्हणजे ते वेगळं होणंच आहे.

आता पात्रात काय चाललंय ते थेंबाथेंबाने पाहू. आम्लाचा प्रत्येक थेंब पडतो तसा त्यातला प्रोटॉन अमोनियाच्या रेणूला चिकटतो आणि अमोनियम आयन तयार होतो:

NH₃ + H⁺ → NH₄⁺

ही अभिक्रिया अर्धवट होते असं काही विद्यार्थी समजतात, कारण अमोनिया ‘दुर्बल’ आम्लारी आहे. तसं नाही. या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक 10⁹ च्या घरात आहे. पडलेलं आम्ल अमोनिया शिल्लक असेपर्यंत अक्षरशः लगेच फस्त होतं. दुर्बल असण्याचा अर्थ इतकाच की अमोनिया पाण्याकडून प्रोटॉन फारसा ओढू शकत नाही. हायड्रोनियमकडून मात्र तो सहज घेतो. म्हणूनच दुर्बल आम्लारी असली तरी आम्ल कमी लागत नाही, 2.5 मिलिमोलला 2.5 मिलिमोलच लागतं.

तर 24.85 मिलीला पात्रात काय आहे? 2.485 मिलिमोल अमोनियाचं अमोनियम झालंय, आणि 0.015 मिलिमोल अमोनिया अजून मोकळा आहे. अमोनियम आयनाचा pKa 25 अंशाला 9.25 आहे. अमोनिया आणि अमोनियम दोन्ही पात्रात असेपर्यंत पीएच त्यांच्या गुणोत्तरावर चालतो:

pH = 9.25 + log([NH₃] / [NH₄⁺])

0.015 भागिले 2.485 चा लॉग उणे 2.22 येतो, म्हणून पीएच 7.03. नेमका 7.00 हवा असेल तर 24.86 मिलीपर्यंत जावं लागेल. तिथे एका मोकळ्या अमोनिया रेणूमागे साधारण 178 अमोनियम आयन असतात. अमोनियम थोडी आम्लता देतो, उरलेला अमोनिया थोडी आम्लारीता देतो, आणि या प्रमाणात दोघांचं बरोबर फिटतं. तुमच्या मीटरने दाखवलेली उदासीनता ही अशी, थोडा अमोनिया अजून बाकी असल्यामुळे आलेली आहे. बाकी म्हणजे 0.14 मिली आम्लाइतका, सुमारे तीन थेंबांचा.

ते तीन थेंब टाकले की तो तोल राखणारा अमोनिया संपतो. आता पात्रात 50 मिली पाणी, 2.5 मिलिमोल अमोनियम आणि 2.5 मिलिमोल क्लोराइड. मोकळा अमोनिया नाही, मोकळं एचसीएल नाही. म्हणजे 0.05 मोलर अमोनियम क्लोराइडचं द्रावण, दुसरं काहीही नाही. इथे अमोनियम आयन एकटा पडतो आणि पाण्याशी त्याचा जो काही व्यवहार होतो तोच पीएच ठरवतो:

NH₄⁺ + H₂O ⇌ NH₃ + H₃O⁺

अमोनियमचा Ka काढायला अमोनियाचा Kb लागतो, 1.8 × 10⁻⁵. पाण्याच्या 10⁻¹⁴ ला त्याने भागलं की 5.6 × 10⁻¹⁰. हा आकडा फार छोटा आहे, पण अमोनियम भरपूर आहे. मग

[H⁺] = √(5.6 × 10⁻¹⁰ × 0.05) = 5.3 × 10⁻⁶

आणि पीएच 5.28. या 5.3 × 10⁻⁶ ला 0.05 ने भागून पाहा. साधारण दर साडेनऊ हजार अमोनियम आयनांपैकी एकच आपला प्रोटॉन पाण्याला देतो. बाकीचे सगळे जसेच्या तसे. तेवढ्या एकामुळे H⁺ चं प्रमाण शुद्ध पाण्याच्या पन्नासपटीहून थोडं जास्त होतं. शुद्ध पाण्यात मुळात H⁺ इतके कमी असतात की हजारांतल्या एकाच्याही दशांशाने काम होतं.

आता एक वाक्य, जे मी तोंडी परीक्षेत कित्येक वर्षं ऐकत आलो आहे: ‘एचसीएल प्रबळ आणि अमोनिया दुर्बल, म्हणून प्रबळ जिंकतो आणि द्रावण आम्लधर्मी होतं.’ उत्तराची दिशा बरोबर असल्यामुळे परीक्षक पुढे जातात, पण कारण साफ चुकीचं आहे. समतुल्यता बिंदूवर जिंकायला एचसीएल उरलेलंच नसतं. त्याचा प्रत्येक प्रोटॉन अमोनियाकडे गेलेला असतो, आणि क्लोराइड आयन नुसता बघ्या असतो. तो पाण्याकडून प्रोटॉन घेत नाही, कारण घेतला तर एचसीएल बनायला हवं आणि ते पाण्यात लगेच फुटतं. त्यामुळे क्लोराइड ना आम्लता वाढवतो ना कमी करतो. जी काही आम्लता आहे ती अमोनियमची, म्हणजे अमोनियाने आधी घेतलेले आणि आता किंचित परत सोडलेले प्रोटॉन.

हे पटवायचं असेल तर टायट्रेशनची गरजच नाही. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. उकळून गार केलेल्या 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात प्रयोगशाळेच्या दर्जाचा 0.27 ग्रॅम नवसागर विरघळवा. ते जवळजवळ 0.05 मोलर द्रावण होतं, तुमच्या पात्रातल्या शेवटच्या द्रावणासारखं. त्यात मीटर बुडवा. 5.3 च्या आसपास वाचन येईल, आणि या पाण्यात कोणी एचसीएलचा थेंबही घातलेला नाही. पाणी उकळून घ्यायचं कारण असं की हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या डिस्टिल्ड पाण्याचाच पीएच 5.6 च्या आसपास असतो. ते न उकळता वापरलं तर आम्लता नवसागराची की हवेची हा वाद शिल्लक राहतो. (कल्हईवाले तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतात तेव्हा जो पांढरा धूर उठतो तो याच अभिक्रियेचा उलटा प्रवास आहे. उष्णतेने अमोनियम क्लोराइड फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतात, त्या आम्लाने तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा थर निघतो, आणि वर गार हवेत दोघं पुन्हा भेटून पांढरे कण होतात.)

ॲसिटिक आम्लाचं सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर टायट्रेशन केलं असेल तर तिथे उलटं झालेलं आठवेल. ॲसिटिक आम्लाचा Ka योगायोगाने 1.8 × 10⁻⁵ च आहे, त्यामुळे तिथला समतुल्यता बिंदू 8.72 ला येतो. 7 च्या तितकाच वर, जितका आपला खाली. फिनॉल्फ्थॅलिन तिथे उत्तम चालतं आणि नेमकं त्याच सवयीने आपण ते इथे घालतो.

तर फिनॉल्फ्थॅलिनचं काय झालं? त्याचा गुलाबी रंग साधारण पीएच 10 ते 8.3 या पट्ट्यात फिकट होत जातो. वरच्याच सूत्रात हे आकडे घाला. पीएच 10 येतो 3.8 मिलीला, आणि 8.3 येतो 22.5 मिलीला. म्हणजे रंग ब्युरेटच्या जवळजवळ एकोणीस मिलीभर हळूहळू विरत जातो. हा पट्टा अमोनिया-अमोनियमच्या बफरचा आहे. तिथे आम्ल घाला नाहीतर काही करा, पीएच जागचा हलायला तयार नसतो. 12.5 मिलीला, म्हणजे अर्ध्या वाटेवर, तो बरोबर 9.25 असतो आणि तिथे वक्र सगळ्यात सपाट असतो. फिनॉल्फ्थॅलिनचा रंगबदल नेमका या सपाटीवर येऊन पडतो. तुम्हाला ‘नेमका कधी गेला तेच कळेना’ हे म्हणूनच झालं. डोळ्यांचा दोष नाही.

यात धोका असा की रंग शेवटी जातो, आणि गेला की माणूस रीडिंग लिहून मोकळा होतो. पहिल्या नोकरीत मी हे केलं आहे. लिकर अमोनियाच्या टँकरचा नमुना आला होता, बाकावर फिनॉल्फ्थॅलिनची बाटली समोर होती, तीच घेतली. 25 टक्क्यांचा माल मी साडेबावीस टक्के म्हणून लिहून दिला. टँकर दुपारभर गेटवर उभा राहिला आणि पुरवठादाराचा माणूस माझ्याशी हुज्जत घालत बसला. तीन वेळा टायट्रेशन केलं, तिन्ही वेळा रीडिंग जुळलं, त्यामुळे मी हटायला तयार नव्हतो. वरिष्ठ केमिस्टने येऊन फक्त बाटलीचं लेबल वाचलं. रीडिंग्ज एकमेकांशी जुळणं आणि बरोबर असणं यात किती अंतर असतं ते त्या दिवशी कळलं. साडेबावीस आणि पंचवीस यांचं प्रमाण 0.9 आहे, आणि 8.3 पीएचला बरोबर 90 टक्के अमोनिया उदासीन झालेला असतो. चूक दर वेळी तितकीच होत होती, म्हणूनच रीडिंग्ज जुळत होती.

इथे हवा मिथिल रेड. तो 6.2 च्या वर पिवळा आणि 4.4 च्या खाली लाल असतो, आणि आपला 5.28 बरोबर मधोमध बसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो ज्या पट्ट्यात रंग बदलतो तिथे वक्र कड्यासारखा कोसळत असतो. 6.2 येतो 24.98 मिलीला आणि 4.4 येतो 25.02 ला. अख्खा रंगबदल 0.04 मिलीत, म्हणजे एका थेंबापेक्षाही कमी. पिवळा, पिवळा, पिवळा, आणि एका थेंबाला नारिंगी किंवा सरळ लाल. फिनॉल्फ्थॅलिनचे एकोणीस मिली आणि हे चार शतांश एकाच पात्रात, एकाच वक्रावर आहेत.

मिथिल ऑरेंजही बऱ्याच प्रयोगशाळांत चालवतात. तो 4.4 पासून 3.1 पर्यंत बदलतो, म्हणजे समतुल्यता बिंदू ओलांडल्यावर. आपण साधारण पीएच 4 ला थांबतो असं धरलं तर 0.05 मिली, एक थेंब जास्त पडतो. 25 मिलीत 0.2 टक्के. कॉलेजच्या जर्नलला ते चालून जातं. ब्रोमोथायमॉल ब्लू मात्र वापरू नका, जरी तो ‘7 चा दर्शक’ म्हणून सोयीचा वाटला तरी. तो 7.6 ला, म्हणजे 24.45 मिलीपासूनच निळा सोडून हिरवट व्हायला लागतो आणि त्याच्या हिरव्यावर थांबलात तर पुन्हा तुमच्या 24.86 पाशीच येऊन थांबाल.

मिथिल रेडची एक खोड सांगून ठेवतो. अमोनियाची बाटली बरेच दिवस उघडी-बंद होत असेल तर त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला गेलेला असतो. टायट्रेशनच्या शेवटी तो कार्बॉनिक आम्ल होऊन पात्रात राहतो आणि मिथिल रेडला थोडं आधीच लालसर करतो. पात्र हलवत राहिलं की रंग परत पिवळ्याकडे जातो, मग पुन्हा एक थेंब, पुन्हा लालसर, पुन्हा माघार. असा लपंडाव सुरू झाला की पहिला लालसर रंग आल्यावर पात्र मिनिटभर उकळा, नळाखाली गार करा आणि मग शेवटचे थेंब घाला. या टप्प्यावर उकळायला हरकत नसते, कारण जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियम होऊन अडकलेला असतो. टायट्रेशनच्या आधी किंवा मध्यावर मात्र चुकूनही उकळू नका. बाकी शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे एकूण उत्तर बिघडत नाही. अमोनियमच्या जोडीला आलेलं कार्बोनेटही शेवटी तेवढंच आम्ल मागतं.

आता पीएच मीटरकडे. मीटर वापरायचा तर ठरावीक पीएच गाठायचा नाही. वक्राचा सर्वांत तीव्र उतार शोधायचा. बफर 4.00 आणि 9.18 ने मीटर लावून घ्या, म्हणजे आपला कडा दोन्हींच्या मध्ये येतो. सुरुवातीला दोन-दोन मिली घातलं तरी चालतं, पण 24 च्या पुढे 0.1 मिलीने जा आणि प्रत्येक वेळी वाचन स्थिर होऊ द्या. मी आदर्श आकडे काढून देतो, तुमचे त्याच्या जवळपास यायला हवेत:

0.0 मिली – 11.13
12.5 मिली – 9.25
24.0 मिली – 7.87
24.8 मिली – 7.16
24.9 मिली – 6.85
25.0 मिली – 5.28
25.1 मिली – 3.70
25.2 मिली – 3.40
26.0 मिली – 2.71

24.8 ते 24.9 मध्ये पीएच 0.31 ने उतरला. पुढच्या 0.1 मिलीत 1.57 ने, त्याच्या पुढच्यात 1.58 ने, आणि मग परत 0.30 ने. दोन मोठ्या उड्यांच्या मधोमध 25.0 आहे. तोच समतुल्यता बिंदू, आणि तो शोधताना आपल्याला 5.28 हा आकडा आधी माहीत असण्याची गरजही पडली नाही. बफरने मीटर 0.1 ने चुकीचा लावला गेला असेल तरी उडी त्याच जागी दिसेल. 7 वर थांबण्याच्या पद्धतीला मीटरची चूक लागू होते, उतार शोधण्याच्या पद्धतीला ती फारशी लागत नाही, हा तिचा दुसरा फायदा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण 25.0 ऐवजी 24.6 किंवा 24.4 येत असेल तर कारण बहुधा हेच निघतं: अमोनिया उडून जातो. 0.1 मोलर द्रावणात ते प्रमाण कमी असतं, पण पिपेटने पात्रात घेतल्यावर मित्राची ब्युरेट भरून होईपर्यंत पात्र उघडं ठेवलं, वर जोरजोरात हलवलं, तर मे महिन्यातल्या प्रयोगशाळेत फरक दिसतो. पिपेट तोंडाने ओढणं तर अमोनियासाठी दुहेरी वाईट, बल्बच वापरा. यावरचा साधा उपाय म्हणजे अदलाबदल. 25 मिली आम्ल पात्रात घ्या, मिथिल रेड घाला आणि अमोनिया ब्युरेटमध्ये भरा. ब्युरेटच्या अरुंद नळीत अमोनियाचा उघडा पृष्ठभाग अगदी लहान असतो, आणि पात्रात पडणारा प्रत्येक थेंब आम्लात जाऊन लगेच अडकतो. रंग लालकडून पिवळ्याकडे जाईल एवढाच फरक.

बाटलीतल्या मूळ लिकर अमोनियासाठी मात्र एवढ्याने भागत नाही. 25 टक्क्यांचा, 0.91 घनतेचा लिकर म्हणजे सुमारे 13.4 मोलर. बूच काढलं की नाकाला कळतं किती वेगाने तो सुटतोय. बाटली आधी बर्फात गार करून, फ्यूम हूडखाली, तोंड स्वतःकडे न ठेवता उघडायची. आणि थेट टायट्रेशन न करता बॅक टायट्रेशन करायचं. काचेचं बूच घट्ट बसणाऱ्या शंकुपात्रात 50.0 मिली 1 मोलर एचसीएल घेऊन त्याचं वजन करा. त्यात साधारण 2 मिली लिकर अमोनिया आम्लाच्या पृष्ठभागाजवळ सोडून लगेच बूच लावा, पुन्हा वजन करा. समजा वजन 1.820 ग्रॅमने वाढलं. उरलेलं आम्ल मिथिल रेडवर 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने मोजलं आणि 23.3 मिली लागलं. म्हणजे अमोनियाने 26.7 मिलिमोल आम्ल खाल्लं, गुणिले 17.03, 454.7 मिलिग्रॅम अमोनिया. 1820 ने भागलं की 24.98 टक्के. आकारमानाऐवजी वजन घेतल्याने पिपेटमधून वाफ सुटण्याचा प्रश्नही मिटतो.

बॅक टायट्रेशनमध्ये शेवटी प्रबळ आम्लाची प्रबळ अल्कलीशी गाठ पडते, म्हणून इथे फिनॉल्फ्थॅलिन चालेल असं वाटतं. मला वाटलं होतं. चालत नाही, आणि कारण पुन्हा तोच अमोनियम. उरलेलं एचसीएल संपलं की पात्र 5 च्या आसपास असतं, आणि पुढे घातलेलं सोडियम हायड्रॉक्साइड आता अमोनियमकडून प्रोटॉन काढून घ्यायला लागतं. 8.3 ला गुलाबी छटा दिसेपर्यंत सुमारे दहा टक्के अमोनियम परत अमोनिया झालेला असतो, तेवढी अल्कली जास्त मोजली जाते, आणि अमोनिया पुन्हा दहा टक्के कमीच निघतो. पद्धत बदलली तरी चूक तीच, आकडाही तोच. जिथे जिथे पात्रात अमोनियम आहे तिथे शेवटचा बिंदू 7 च्या खालीच पकडावा लागतो. दुधातली किंवा धान्यातली प्रथिनं केल्डाल पद्धतीने मोजताना अमोनिया बोरिक आम्लात पकडून एचसीएलने टायट्रेट करतात, तिथेही दर्शक मिथिल रेड आणि ब्रोमोक्रेसॉल ग्रीन यांच्या मिश्रणाचा, म्हणजे 5 च्या आसपासचाच असतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी ही पद्धत 1883 मध्ये मांडली.

शेवटी, 5.28 पाठ करू नका. तो 0.1 मोलरच्या जोडीचा आकडा आहे. दोन्ही द्रावणं 0.01 मोलर घेतली तर समतुल्यता बिंदू 5.78 ला येतो, 1 मोलर घेतली तर 4.78 ला. अमोनियम दहापट विरळ झाला की पीएच अर्ध्याने वर सरकतो, कारण सूत्रात वर्गमूळ आहे. विरळ द्रावणात कडाही बुटका होतो आणि मिथिल रेडचा झटका तितका तीव्र राहत नाही. 0.01 मोलरला तो पिवळ्याकडून लालकडे जायला 25 मिलीत साधारण चार-पाच थेंब घेतो, तेव्हा तिथे मीटरचा उतारच जास्त भरवशाचा.

पुढच्या प्रॅक्टिकलला एकाच पात्रात मीटर आणि मिथिल रेड दोन्ही ठेवून पाहा. 7 दिसेल तेव्हा रंग ठणठणीत पिवळा असेल, आणि तिथून मोजून तिसऱ्या थेंबापाशी तो फिरेल.